वाक्य तोडा, पण कर्ता हरवू नका

प्रश्न: पीएचडीचं प्रकरण गाईडनी परत केलंय. वाक्यं पाच-पाच ओळींची आहेत म्हणे. तोडायला गेलं की मुद्दाच बदलतो. काय करू?

आधी एक सांगतो. लांब वाक्य म्हणजे खोल विचार, हा समज पुण्यातल्या विद्यापीठी वर्तुळात गाईडमंडळींनीच जोपासलाय. तुमचे गाईड वेगळे दिसतात, त्यांचं ऐका.

स्वल्पविराम दिसला की पूर्णविराम द्यायचा, असं तोडलं तर मुद्दा बदलणारच. हे वाक्य घ्या:

‘१८८४ साली पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या हायस्कुलाला विरोध करणाऱ्यांचा आक्षेप शिक्षणाला नसून अभ्यासक्रमाला होता असे जे मानले जाते ते, तत्कालीन वर्तमानपत्रे पाहता, अंशतः खरे असले तरी या वादामागील घरकामाच्या विभागणीची चिंता लक्षात घेतल्याशिवाय अपुरे ठरते.’

घाईत तोडलेलं असं होतं: ‘विरोधकांचा आक्षेप शिक्षणाला नव्हता. तो अभ्यासक्रमाला होता. हे अंशतः खरे आहे. घरकामाच्या विभागणीची चिंता हे विरोधाचे कारण होते.’

वाचायला सोपं, पण दोन ठिकाणी घात झालाय. ‘असे मानले जाते’ गळलं, त्यामुळे इतरांचं मत तुमच्या तोंडी आलं. आणि ‘अपुरे ठरते’ गेल्यामुळे तुम्ही त्या मतात घातलेली भर विरोधाचं एकमेव कारण होऊन बसली.

म्हणून आधी कागदावर तीन गोष्टी लिहा: मत कुणाचं, पुरावा कोणत्या विधानाला, आणि वाक्याचा भार कुठे. मराठीत ‘असले तरी’च्या आधीचं कबूल केलेलं असतं, नंतरचं ठासून सांगायचं असतं. तोडताना कबुली आधी आणि दावा शेवटी, हा क्रम सोडू नका. मधे ‘मात्र’ हवाच. आता नीट तोडलेलं पाहा:

‘१८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. विरोधकांचा आक्षेप शिक्षणाला नसून अभ्यासक्रमाला होता, असे मानले जाते. तत्कालीन वर्तमानपत्रे पाहता हे मत अंशतः खरे आहे. मात्र ते अपुरे आहे, कारण या वादामागे घरकामाच्या विभागणीची चिंताही होती आणि हे मत ती लक्षात घेत नाही.’

‘चिंताही’मधला ‘ही’ काढून पाहा, युक्तिवाद लगेच सरकतो. तिसऱ्या वाक्यात नुसतं ‘हे’ न लिहिता ‘हे मत’ लिहिलंय, तेही मुद्दाम. नुसतं ‘हे’ मागच्या वाक्यातल्या कशालाही चिकटतं: आक्षेपाला, अभ्यासक्रमाला, मानण्याला. तोडलेल्या मजकुरात सगळ्यात जास्त गोंधळ याच सर्वनामांचा होतो. आणि पुराव्याचा तुकडा ज्या विधानाला आधार देतो, त्याच वाक्यात ठेवा.

तपासायचं असेल तर नवा परिच्छेद विषयाबाहेरच्या माणसाला द्या आणि विचारा, ‘यात लेखकाचं स्वतःचं म्हणणं कोणतं?’ त्याने शेवटचं वाक्य सोडून भलतंच दाखवलं तर तोडणी चुकली.

हो, एक राहिलंच. अवतरणचिन्हांतल्या मूळ मजकुराला हात लावायचा नाही, तो कितीही लांबलचक असो. आणि दोन ओळींचं सरळ चालणारं वाक्य उगाच तोडू नका. गाईडची तक्रार पाच ओळींबद्दल आहे.