चार वेळा भरवली, पण खरी दोनदाच

"डॉक्टर, माझी संकरित एच.एफ. गाय दर महिन्याला माजावर येते. चार वेळा भरवली, चारही वेळा उलटली. सोट अगदी काचेसारखा स्वच्छ टाकते. रेतन करणारे म्हणतात पिशवी चांगली आहे. आता रेत बदलू, औषध सोडून घेऊ, की गाय विकून टाकू?"

विकायचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि आधी गायीची वही काढा. वही नसेल तर आठवून तारखा लिहा: व्यायल्याची, प्रत्येक रेतनाची, आणि कधी शेपटीला रक्त दिसले असेल तर त्याची. रेत बदलण्याचा प्रश्न त्यानंतरचा. असे का म्हणतो, ते आरे कॉलनीतल्या एका गोठ्यातल्या गायीवरून सांगतो.

आरेत १९४९पासून जनावरांचे गोठे आहेत, पण ते मुख्यतः म्हशींचे. या मालकांकडेही म्हशीच जास्त आणि गायी मोजक्याच. त्यातली एक, तिसऱ्या वेताची, तुमच्या गायीसारखीच चार वेळा उलटलेली होती. गायीला काहीतरी दोष आहे असे मालकांनी मनाशी धरलेच होते. मी तारखा विचारल्या. व्यायली १२ मे रोजी. रेतने २८ जुलै, १८ ऑगस्ट, २९ ऑगस्ट आणि ३० सप्टेंबरला.

या चार तारखांमधले अंतर काढा. पहिल्या दोन रेतनांत २१ दिवस. गायीचे माजचक्र साधारण १८ ते २४ दिवसांचे असते, म्हणजे ते ठीक. पुढचे अंतर ११ दिवस. हा माज असूच शकत नाही, कारण चक्राच्या मध्यावर बीजांडावर, बीज सुटलेल्या जागी तयार झालेला पीतपिंड असतो आणि त्याचे संप्रेरक गायीला खऱ्या माजावर येऊ देत नाही. त्यानंतरचे अंतर ३२ दिवस, तेही बेताल. पण ११ आणि ३२ एकत्र केले की ४३ होतात. म्हणजे दोन पूर्ण चक्रे आणि वर एक दिवस. गाय आपल्या वेळापत्रकाने चालली होती: ८ सप्टेंबरच्या सुमारास आलेला माज कुणाला दिसलाच नाही, आणि २९ सप्टेंबरचा माज दिसला तरी रेतन दुसऱ्या दिवशी झाले.

२९ ऑगस्टला काय झाले होते, ते विचारल्यावर गोठ्यातल्या माणसाने सांगितले की त्या दिवशी गाय हंबरत होती आणि दूधही कमी दिले. एवढ्यावर रेतन झाले. हंबरणे, दूध कमी होणे, वारंवार लघवी करणे ही माजाची लक्षणे खरी, पण दुय्यम. खाणे उशिरा मिळाले तरी गाय हंबरते, दमट उकाड्यातही दूध घटते. माजाची पक्की खूण एकच: दुसरे जनावर अंगावर चढले तरी गाय न हलता उभी राहते. आणि मुंबईच्या गोठ्यात नेमकी तीच दिसत नाही. जनावरे जागेवर बांधलेली, खाली ओला सिमेंटचा कोबा, शेजारी म्हशी. चढणार कोण?

अशा ठिकाणी सोटावरच भर द्यावा लागतो, पण तोही धुऊन जातो. धारेआधी पाइपने जमीन धुतात, गायीचा मागचा भागही धुतात, आणि रात्री बसलेल्या गायीने टाकलेला सोट त्या पाण्याबरोबर गटारात जातो. ८ सप्टेंबरचा माज बहुधा असाच गेला असावा. म्हणून त्या माणसाला सांगितले की पाइप सुरू करण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येक गायीच्या मागची जमीन, शेपटी आणि योनी बघायची. योनीचे ओठ सुजून त्यांच्या घड्या मोडल्या आहेत का, शेपटीला चिकटून वाळलेला सोट आहे का, हे पाहायचे. पहाटेच्या आणि दुपारच्या धारेआधी तर बघायचेच, शिवाय रात्री झोपण्याआधी गोठा शांत असताना पंधरा-वीस मिनिटे नुसते उभे राहायचे. माजाची बरीच हालचाल रात्री नि पहाटे होते. त्यात मागच्या माजापासून १८वा दिवस कॅलेंडरवर खुणेने दाखवला, म्हणजे कोणत्या गायीकडे जास्त बघायचे ते ठरते.

चौथे रेतन वेळेचे बळी. २९ सप्टेंबरला पहाटे तीनच्या धारेला सोट दिसला होता. मालक गोठ्यावर संध्याकाळी येतात, तेव्हा त्यांना कळले. रेतन करणारे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले आणि १ ऑक्टोबरच्या सकाळी शेपटीला रक्त दिसले. रक्त पाहून मालकांना वाटले की पिशवीला इजा झाली. तसे नसते. माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत बऱ्याच गायी थोडे रक्त टाकतात. त्याचा अर्थ एवढाच की माज होऊन गेला. गाय राहिली की नाही, हे त्यावरून कळत नाही. मात्र ज्या गायीचा माज दिसलाच नव्हता तिला रक्त दिसले, तर तारीख जरूर लिहा. पुढचा माज तिथून अठरा-वीस दिवसांवर असतो. आणि रक्त दिसल्यावर रेतन करू नका, वेळ गेलेली असते.

वेळ कशी जाते ते समजून घ्या. माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३२ तासांनी बीज सुटते, म्हणजे माज संपल्यावरही दहा-बारा तासांनी. सुटलेले बीज फळण्याजोगे राहते ते जेमतेम सहा ते बारा तास. उलट गोठवलेल्या रेतातले शुक्राणू पिशवीत गेल्यावर फळवण्यास तयार व्हायला सहा-आठ तास घेतात आणि साधारण एक दिवस टिकतात. म्हणून रेत आधी पोहोचून बीजाची वाट बघत असले पाहिजे. पहाटे माज दिसला तर त्याच दुपारी किंवा संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा नियम इथूनच आला. या गायीला रेत पोहोचले ते माज दिसल्यापासून सुमारे अडतीस तासांनी. तोवर बीज सुटून शिळे झाले होते.

चारातली दोन रेतने अशी बाद झाली. वारंवार उलटणारी गाय म्हणायचे तर तीन किंवा जास्त योग्य रेतने वाया गेलेली असावी लागतात. इथे तर खरी रेतने दोनच, जुलैचे आणि १८ ऑगस्टचे. पण ती दोन्ही वेळेवर असूनही का फसली? वहीत नसलेली एक गोष्ट मी विचारली: व्यायल्यावर वार कधी पडली? मालक जरा थांबले. वार पडली नव्हती, दुसऱ्या दिवशी कुणीतरी हात घालून ओढून काढली होती. नंतर काही दिवस घाण येत राहिली आणि मग आपोआप थांबली.

घाण थांबली म्हणजे पिशवी बरी झाली, असे सगळेच धरतात. बहुतेक गायींत तसे होतेही. काहींत मात्र आतल्या अस्तराचा दाह शिल्लक राहतो. पू येत नाही, ताप नसतो, माज वेळेवर येतो, हाताला पिशवी नीट लागते आणि सोट डोळ्यांना स्वच्छ दिसतो. पण त्या अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी असते. त्यात शुक्राणू तरी टिकत नाहीत, नाहीतर फळलेला गर्भ पहिल्या दोन आठवड्यांतच मरतो आणि गाय ठरल्या दिवशी पुन्हा माजावर येते. म्हणून "सोट स्वच्छ आहे" या तुमच्या वाक्यावर मी थांबत नाही.

पुढचा माज २० ऑक्टोबरला अपेक्षित होता आणि आला. त्या माजात रेतन करायचे नाही, फक्त सोट तपासायचा, असे ठरले होते. मालकांना हे जड गेले. एक महिना फुकट, असे ते म्हणाले. मला तो महिना फुकट वाटत नाही, कारण संशय असताना भरवलेली गाय पुन्हा उलटली तर महिना जातोच आणि कारणही कळत नाही. तपासणी सोपी आहे. पिशवीतून स्वच्छपणे घेतलेला सोट एक मिली आणि तेवढेच दहा टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण परीक्षानळीत मिसळून उकळी येईपर्यंत तापवतात आणि थंड होऊ देतात. रंग आला नाही तर ठीक. पिवळा आला तर पांढऱ्या पेशी आहेत, आणि रंग जितका गडद तितका दाह जास्त. हे पशुवैद्यकानेच करावे, कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. पाण्यासारखा स्वच्छ दिसणारा तो सोट नळीत स्पष्ट पिवळा झाला. याहून नेमकी तपासणी म्हणजे बारीक ब्रशने अस्तराच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींचे प्रमाण मोजणे. ती सोय परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी विचारावी.

माजानंतर दहाव्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, पीतपिंड आहे हे तपासून प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन दिले. त्याने पीतपिंड विरतो, गाय माजावर येते, आणि माजातली पिशवी आकुंचन पावून स्वतःला साफ करते. प्रत्येक गायीत गुण येतोच असे नाही. काहींना सोटाचे कल्चर करून नेमके प्रतिजैविक लागते. हे इंजेक्शन गाभण गायीला दिले तर ती गाभडते, आणि गरोदर बाईने किंवा दम्याच्या माणसाने ते हाताळूही नये. गाय २ नोव्हेंबरला माजावर आली. नळीत फिकट पिवळी छटा होती, म्हणून तोही माज सोडला. २३ नोव्हेंबरला पहाटे तीनला सोट दिसला, नळीत रंग आला नाही, दुपारी तीनला रेतन झाले.

१४ डिसेंबरला गायीने थोडा सोट टाकला आणि गोठ्यातला माणूस रेतन करणाऱ्याला फोन लावायला निघाला. गाभण गायीही कधीकधी असा सोट टाकतात, आणि त्यांच्या पिशवीत नळी गेली तर गर्भ जाऊ शकतो. आधी तपासले. पिशवीला माजातला ताठपणा नव्हता आणि बीजांडावर पीतपिंड होता. रेतन केले नाही. २५ डिसेंबरला सोनोग्राफीत गर्भ दिसला, जानेवारीच्या अखेरीस हातानेही गाभण लागली.

तुमच्या गायीचे कारण हेच असेल असे नाही. गर्भनलिका बंद असणे, बीज उशिरा सुटणे, व्यायल्यावर गाय फार खंगणे, रेतमात्रा नीट न वितळवणे, हीही कारणे असतात. पण ती शोधण्याआधी तारखांतली अंतरे काढा, वार कशी पडली ते आठवा आणि पुढच्या माजात भरवण्याऐवजी सोट तपासून घ्या. तपासणीशिवाय दर माजाला पिशवीत औषध सोडू देऊ नका. अस्तराला त्रास होतो आणि औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस दूधही विकता येत नाही. तारखा मला पाठवा. एखादे अंतर १७पेक्षा कमी किंवा २५ ते ३५च्या दरम्यान असेल, तर त्या दोन रेतनांच्या वेळी गायीची कोणती लक्षणे पाहिली होती तेही सोबत लिहा.