पाटीवरची लादी आणि पायाखालची लादी

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली कथा दोनदा वाचली. मुंबईच्या एका बेकरीत सव्वीस वर्षे कारागीर म्हणून राबलेले वडील गावी, चिपळूणला, परत येतात, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलीबरोबर स्वतःची बेकरी काढतात आणि पाटी रंगवायच्या आदल्या रात्री दोघांचे नावावरून वाजते, एवढेच कथानक तू घेतले आहेस आणि लघुकथेला ते पुरेसे आहे. त्यातही वडिलांना ‘न्यू प्रभात बेकरी’ हे नाव हवे आणि मुलीला नुसते ‘लादी’ हवे, ही निवड तू योगायोगाने केली असशील तरी ती उत्तम आहे. साधारण लेखकाने वडिलांच्या तोंडी देवाचे नाव घातले असते आणि मुलीच्या तोंडी इंग्रजी. तुझ्याकडे ते उलटे झाले आहे. पण हातात आलेल्या या गोष्टीचे काय करायचे, हे तुला अजून उमगलेले दिसत नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या दोन्ही पात्रांना एकमेकांचे म्हणणे फारच स्वच्छ समजते. मुलगी म्हणते, ‘बाबा, आजच्या काळात ब्रँडिंग महत्त्वाचं असतं, लादी हे नाव लक्षात राहील.’ वडील म्हणतात, ‘अगं, पण लोकांना ओळखीच्या नावाचा विश्वास वाटतो.’ हे वक्तृत्वस्पर्धेतले दोन स्पर्धक झाले. घरातल्या भांडणात माणसे मुद्द्याला उत्तर देत नाहीत, शब्दाला देतात, आणि तो शब्द दोघांना वेगवेगळा ऐकू येत असतो. तू ‘लादी’ हा शब्द निवडलास तेव्हा तुझ्या मनात फक्त लादीपाव होता. मुंबईत ज्याचे आयुष्य गेले त्याच्या कानात लादी म्हणजे आधी जमीन. लादी पुसायची असते, लादीवर पथारी टाकायची असते. तुझ्या कथेच्या तिसऱ्या पानावर तू एक वाक्य सहज लिहून गेला आहेस, की वडील पहिली नऊ वर्षे बेकरीतच, भट्टीच्या मागच्या बाजूला झोपत. मग ते कशावर झोपत होते? तुझी सगळी कथा त्या जागी आहे आणि तू तिच्यावरून पुढे निघून गेला आहेस.

मुलीला लादी म्हणजे एकमेकांना चिकटून फुगलेले पाव दिसतात आणि बापाला नऊ वर्षांची पाठ आठवते, हे वाचकाला कळले पाहिजे. मात्र बापाने ते सांगता कामा नये. त्याने सांगितले की मुलगी विरघळणार, डोळे पुसणार आणि कथा तिथेच संपणार. म्हणून भांडण कामाच्या मध्ये आण. सध्या ते दोघे खुर्च्यांवर बसून चहा पिताना भांडतात, त्यामुळे त्यांना बोलण्यावाचून दुसरे काही करायलाच नाही. पाव कुणासाठी थांबत नाही. मैदा मळून ठेवला, तो फुगला, त्याचे गोळे तोडून ट्रेमध्ये जवळजवळ मांडले, की दुसऱ्यांदा फुगण्याचा जो वेळ असतो तो तुझ्या प्रसंगाचे घड्याळ आहे. गोळ्यावर हलके बोट टेकवावे. खळगा चटकन भरला तर अजून वेळ आहे, सावकाश भरत आला तर ट्रे आत जायला हवा, आणि तसाच राहिला तर उशीर झाला. असा उशीर झालेला पाव भट्टीत वर येत नाही, खाली बसतो, त्याला आंबूस वास येतो आणि वरचा रंगही फिका राहतो. भांडणात कुणाचे किती बिघडले हे सांगायला याहून चांगली खूण तुला मिळणार नाही.

तुझाच प्रसंग मी नमुन्यादाखल असा मांडून पाहिला:

‘बाबा, पेंटर सकाळी येणार. लादी लिहायला सांगू ना?’
त्यांनी कोपऱ्यातल्या गोळ्यावर बोट टेकवले. खळगा सावकाश भरत आला.
‘दार उघड ओव्हनचं.’
‘मी काहीतरी विचारलं.’
‘लादी पुसायची असते. पाटीवर लिहायची नसते.’

हे जसेच्या तसे उचलू नकोस, तुझी मुलगी माझ्या मुलीपेक्षा तिखट आहे. एवढेच बघ, की शेवटच्या वाक्यात वडिलांनी कारण दिलेले आहे आणि मुलीला ते कारण वाटलेले नाही. तिला तो निव्वळ हट्ट वाटणार आणि ती आणखी चिडणार. वाचक मात्र तिच्या एक पाऊल पुढे गेलेला असेल.

आता ‘न्यू’ या शब्दाकडे वळू. आपल्याकडे दुकानाच्या नावामागे ‘न्यू’ लागते ते बहुधा जुने दुकान कुठेतरी असते किंवा होते म्हणून. भाऊ वेगळे झाले, भागीदारी मोडली, जागा बदलली. म्हणजे त्या शब्दात नवेपणापेक्षा वारसा सांगण्याचा भाग अधिक. तुझे वडील नोकर होते, वारस नव्हते. मालकाची ‘प्रभात’ बंद पडल्यावर तिचे नाव आपण पुढे चालवावे, असे नोकराला वाटणे ही मोठी गुंतागुंतीची भावना आहे. त्यात निष्ठा आहे आणि थोडा सूडही आहे. ती बंद का पडली हे तू ‘काही कारणाने’ असे उडवून लावले आहेस. मुंबईत लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलण्याचा प्रश्न २०२५ च्या सुरुवातीला उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता, तो काळ घे. भट्टी बदलण्याचा खर्च करण्याऐवजी म्हाताऱ्या मालकाने शटर ओढले, एवढे एक वाक्य पुरेल. त्याने चिपळूणच्या विजेच्या ओव्हनसमोर उभ्या असलेल्या वडिलांचे अवघडलेपणही आपोआप येईल.

पेंटरचे पात्र ठेव, पण त्याचा विनोद कमी कर. त्याच्याकडे एक खरी अडचण दे. वडिलांना ‘न्यू’ इंग्रजी अक्षरांत, मोठे, लाल रंगात हवे आहे. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही पाटीवर मराठी देवनागरी अक्षरे लागतात आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरे त्यांच्याहून मोठी चालत नाहीत. पेंटरने हे शांतपणे सांगितले की वडिलांचे ‘न्यू’ देवनागरीएवढेच होऊन बसते, आणि भांडणात एक तिसरा माणूस नकळत मुलीच्या बाजूने पडतो. वर्णनात्मक शब्द व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेणे कठीण असते, म्हणजे पावासाठी ‘लादी’ तशी अडचणीचीच, हेही तुला कुणीतरी सांगेल. ते खरे आहे, पण कथेत आणू नकोस. तिथे कायद्याचा एकच खिळा पुरे.

शेवट बदलावा लागेल. ‘न्यू लादी बेकरी’ असे नाव ठरून दोघे हसतात, ही तडजोड तुला सोडवत नसेल हे मी समजू शकतो, पण त्या नावात दोघांचेही काही उरत नाही. शेवटचे दीड पान काढून टाक. पहाटे चार वाजता मुलगी दुकानात येते, वडील वाकून जमीन पुसत आहेत, पाटी अजून कोरीच भिंतीला टेकून उभी आहे. ती म्हणते, ‘द्या इकडे, लादी मी पुसते.’ हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच त्या अर्थाने निघतो. तिला तो ऐकू आला की नाही हे तू लिहू नकोस. वडिलांनी फडके दिले की नाही, एवढेच लिही.

आणखी एक. दुसऱ्या पानावर मुलगी उकळत्या पाण्यात यीस्ट कालवते. तसे केले तर ते मरेल आणि पाव फुगणारच नाही. पाणी बोटाला जेमतेम कोमट लागेल असे कर.

तुझा,
एक जुना वाचक