कार्ड हरवल्यावर पहिला फोन बँकेला

प्रश्न : बसमध्ये पाकीट मारले गेले, त्यात डेबिट कार्ड होते. आधी पोलिसांत जावे की बँकेत? आणि ब्लॉक केल्यावर खात्यातले पैसे अडकतात का?

दोन्हीकडे नंतर जा. आहात तिथूनच बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन करून किंवा बँकेच्या ॲपमधून कार्ड कायमचे ब्लॉक करा. मी सांगलीत बँकेच्या शाखेत बरीच वर्षे काम केले आहे आणि लोक नेमके याच क्रमात चुकताना पाहिले आहेत.

माझ्या चुलतभावाचेच उदाहरण देतो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मिरजेहून सांगलीला येताना त्याचे पाकीट गेले. स्टँडवर उतरल्यावर ५ वाजून २५ मिनिटांनी एका पेट्रोल पंपावर १,९०० रुपये गेल्याचा संदेश आला. स्पर्शाने चालणाऱ्या कार्डावर ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होऊ शकतो, तसा तो झाला होता. हा गृहस्थ आधी पोलीस चौकीत गेला आणि तिथे थांबून राहिला. ६ वाजून ५ मिनिटांनी एटीएममधून १०,००० रुपये निघाले, कारण कार्डाच्या कव्हरवर त्याने स्वतःच पिन लिहून ठेवला होता. मग मला फोन आला आणि ६ वाजून २४ मिनिटांनी कार्ड ब्लॉक झाले. त्यानंतर सात मिनिटांनी चोराने पुन्हा प्रयत्न केला, पण तो व्यवहार नाकारला गेला.

ब्लॉक केल्याने प्लास्टिकच्या कार्डात काहीही बदलत नाही; त्यातली चिप पूर्वीसारखीच असते. कार्ड यंत्रात घातले की विचारणा रुपे किंवा व्हिसासारख्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या संगणकाकडे जाते आणि मंजुरी तिथून मिळते. ब्लॉक करणे म्हणजे त्या संगणकात या कार्ड क्रमांकापुढे नकाराची नोंद होणे. खाते मात्र सुरूच राहते : पगार जमा होतो, चेक वटतो, यूपीआय चालते आणि शाखेत स्लिप भरून पैसे काढता येतात. अशा कायमच्या ब्लॉकनंतर जुने कार्ड सापडले तरी सहसा उपयोगाचे नसते आणि नवे कार्ड नव्या क्रमांकाचे येते. कार्ड घरातच कुठेतरी असेल अशी शंका असेल, तर ॲपमधून ते तात्पुरते बंद ठेवता येते. चोरीच्या बाबतीत मात्र हा मध्यम मार्ग नको.

क्रमांक शोधताना जपून राहा. तो कार्डाच्या मागे छापलेला असतो, आणि कार्ड तर गेलेले असते. अशा वेळी इंटरनेटवर शोधून मिळालेला पहिला ‘कस्टमर केअर’ अनेकदा ठगाचा निघतो. पासबुक किंवा बँकेचे अधिकृत संकेतस्थळ पाहा. ब्लॉक करण्यासाठी कोणालाही पिन सांगावा लागत नाही.

फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले असतील, तर व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. हे दिवस मोजताना संदेशाचा दिवस धरत नाहीत आणि कामकाजाचे दिवस आपल्या शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे मोजतात, म्हणून भावाचा पहिला दिवस सोमवार होता.

इथे आणखी एक घोटाळा होतो. कार्ड ब्लॉक केले म्हणजे गेलेल्या पैशांची तक्रार आपोआप झाली, असे अनेकांना वाटते; प्रत्यक्षात प्रत्येक अनधिकृत व्यवहार रकमेसह वेगळा नोंदवावा लागतो. भावाने सोमवारी शाखेत लेखी अर्ज दिला. १,९०० रुपये परत मिळाले, कव्हरवरच्या पिनमुळे १०,००० मात्र मिळाले नाहीत. पैसे गेले असतील, तर बँकेपाठोपाठ १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावरही लगेच कळवावे. पोलिसांतली तक्रार त्यानंतर.

पाकिटाबरोबर मोबाइलही गेला असेल, तर दुसऱ्याच्या फोनवरून कार्डाच्या जोडीने सिमही तातडीने बंद करवून घ्या. कार्डाचे शेवटचे सहा अंक, त्यावरची मुदत आणि सिमवर येणारा ओटीपी एवढ्यावर नवा यूपीआय पिन तयार करता येतो, म्हणजे नुसते कार्ड ब्लॉक झाले तरी तुम्ही त्याआधीच्या मिनिटांत उघडे पडलेले असू शकता. म्हणून बँकेला यूपीआयही बंद करायला सांगा. बदली सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात, त्यामुळे ओटीपी लागणारी कामे दुसऱ्या दिवसावर ठेवा आणि तोवर लागणारी रोकड शाखेतून काढा.