दमट हवेत घड्याळ विसर

जूनमध्ये मरीन ड्राइव्हवर पळताना किलोमीटरमागे अर्धा मिनिट जास्त लागला, म्हणून खट्टू होऊ नकोस. अंग गार होतं ते घाम सुकल्यामुळे, आणि दमट हवेत तो नुसता ओघळतो. पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने पळ. सुती टीशर्ट नको. भिजून जड होतो, काखा सोलतो (माझ्या सोलल्यात).

पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन कर. तासाभरात पाऊण किलो घटलं, तर पुढच्या वेळी वाटेत अर्धा लिटर पाणी घोट घोट पी. वजन वाढलं तर पाणी जास्त झालं, तेही धोक्याचं. भर उकाड्यात अंगावर शहारे आले किंवा भोवळ आली तर तिथेच थांब, डोक्यावर पाणी ओत. बोलणं असंबद्ध झालं तर पाण्याचा मारा चालू ठेवून सोबत्याने थेट रुग्णवाहिका बोलवावी.