पेंटामधला धनुर्वात: जंतूविना ओळख

"माझी मुलगी दीड महिन्याची आहे. लशीत रोगाचाच जंतू घालतात म्हणे, मग त्यानं तोच रोग कसा होत नाही? आणि पेंटाचे तीन डोस कशाला?"

मी लसीकरणाचं काम करते. पेंटात पाच रोगांवरच्या लशी एकत्र असतात. त्यातली धनुर्वाताची घेऊन सांगते, कारण तिच्यात जंतू नसतोच.

धनुर्वातात आपल्याला मारतं ते जंतूनं सोडलेलं विष. लस बनवताना जंतू वाढवून त्यांचं विष गाळून घेतात आणि फॉर्मालिन घालून ऊबेत बरेच दिवस ठेवतात. त्यानं विषाचा मारकपणा जातो, पण बाहेरचा आकार बराचसा तसाच राहतो. ही युक्ती पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या गास्ताँ रामाँ यांनी 1920च्या दशकात काढली. या निकामी विषापासून पुन्हा धनुर्वात होऊ शकत नाही.

मांडीत सुई टोचली की तिथल्या पेशी हा माल उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. तुमच्या बाळाच्या अंगात असंख्य बी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, आधीच आहेत आणि प्रत्येकीचा साचा वेगळा. ज्या मोजक्या पेशींच्या साच्यात हे विष बसतं, त्याच वाढू लागतात. म्हणजे शरीर नव्यानं काही शिकत नाही, असलेल्यातून नेमकं निवडतं. वाढताना त्यांच्या साच्यात बारीक बदल होत जातात आणि जास्त घट्ट बसणाऱ्या पेशी टिकतात. काही प्रतिपिंडं, म्हणजे विषाला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं, बनवू लागतात, काही आठवण म्हणून मागे राहतात.

निकामी विष अंगात वाढत नाही, त्यामुळे पहिल्या डोसनं जेमतेम सुरुवात होते. म्हणून 6, 10 आणि 14 आठवड्यांना तीन डोस. दुसऱ्या वेळी आठवण ठेवलेल्या पेशी लगेच कामाला लागतात आणि प्रतिपिंडं कितीतरी जास्त, अधिक पक्की बनतात. गोवराच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो अंगात थोडा वाढतो, म्हणून तिथं हिशेब वेगळा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. धनुर्वाताचं विष एकदा मज्जातंतूत शिरलं की प्रतिपिंडं त्याला गाठू शकत नाहीत. जखम झाल्यावर नुसती आठवण जागी होऊन भागत नाही, रक्तात प्रतिपिंडं आधीच तयार हवीत. ती वर्षांगणिक कमी होतात, म्हणून 16 ते 24 महिन्यांत आणि पुन्हा 5-6 वर्षांना बूस्टर असतो, नंतर 10 आणि 16 व्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. शिवाय हा जंतू मातीत राहतो. शेजारच्या सगळ्या मुलांनी लस घेतली तरी तुमच्या मुलीला त्याचा आडोसा मिळत नाही.

आणि धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही आम्ही लस देतो. आजारी पाडायला विष इतकं थोडं पुरतं, की तेवढ्यानं शरीराला त्याची ओळखच पटत नाही.