ऑस्ट्रेलियाचं ते आगमनाचं कार्ड, आई-बाबांना मराठीत कसं समजावू?

प्रश्न: आई-बाबा पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच मेलबर्नला येतायत, इंग्रजी जेमतेम. विमानात भरायला देतात त्या कार्डाचा फोटो मित्राकडून मिळाला, सोबत टाकलाय. फोनमध्ये फोटोवरून मराठी केलं तर काहीच्या काही येतंय. कोणी नीट मराठी करून देईल का? आणि सगळीकडे 'नो' करायला सांगितलं तर चालेल ना?

उत्तर:

आधी तो फोटो काढून टाका किंवा नंबरावर पट्टी मारून परत टाका, तुमच्या मित्राचा पासपोर्ट नंबर त्यात स्पष्ट वाचता येतोय.

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि म्हणून लिहायला बसले. माझ्या सासू-सासऱ्यांच्या वेळी तिकडच्या ट्रॅव्हल एजंटने, नाव घेत नाही, भरलेल्या कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता, सगळ्या प्रश्नांना नो, आणि खाली लिहिलेलं की 'विमानात हेच बघून उतरवायचं, काही विचारत नाहीत'. दोघांनी तंतोतंत उतरवलं आणि सही केली. सासूबाईंच्या पर्समध्ये निघताना भरलेली ओटी होती, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी सगळं, आणि बॅगेत साताऱ्याचे कंदी पेढे. बॅग एक्स-रेला लागली, उघडली, आणि त्यानंतर प्रश्न नारळाचा राहिलाच नाही, प्रश्न हा झाला की कार्डावर नो का लिहिलं. एजंटने सांगितलं म्हणून, हे उत्तर तिथे चालत नाही, कारण कार्डाच्या तळाशी 'मी दिलेली माहिती खरी, बरोबर आणि पूर्ण आहे' असं छापलंय आणि खाली तुमची सही असते. नारळ गेला, पेढे गेले, वर दंड झाला, आणि सत्तरीतली दोन माणसं लांबच्या प्रवासानंतर तिथे अपराध्यासारखी उभी राहिली. एजंटला फोन केला तर म्हणे आमची जबाबदारी फक्त तिकीट आणि व्हिसाची. मग नमुना कशाला पाठवला? अजून राग जात नाही माझा.

तर नियम असा आहे की वस्तू कार्डावर जाहीर केली आणि ती आत न्यायला बंदी निघाली तर ती काढून घेतात, पण दंड करत नाहीत. दंड लपवण्याचा आहे, तो हजारो डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि प्रकरण गंभीर असेल तर व्हिसाही रद्द होऊ शकतो. कार्डावरच छापलंय की खात्री नसेल तर येस करा. येस म्हणजे गुन्ह्याची कबुली नाही, येस म्हणजे 'बघून घ्या'. आई-बाबांना बाकी काही नाही समजलं तरी हे समजलं पाहिजे.

आता भाषांतराकडे. फोनचं मराठी बिघडतं कारण कार्डावर बारीक अक्षरं, शेजारी-शेजारी रकाने आणि चौकटी असतात, त्यामुळे एका रकान्यातला शब्द दुसऱ्या वाक्याला चिकटतो आणि फोटोवर मराठी चढलं की चौकटीच झाकल्या जातात. मला एकदा सातव्या प्रश्नात 'लाकडी लेख' आणि 'दिवे' असं मिळालं होतं, तिथे खरं तर लाकडी वस्तू आणि झाडाचे कंद आहेत. म्हणून मराठी फोटोवर चढवू नका. एका कोऱ्या कागदावर प्रश्नाचा नंबर लिहा, पुढे मराठी वाक्य, पुढे 'आपल्याकडे काय आहे' आणि त्याच्यापुढे येस किंवा नो. विमानात आई-बाबा फक्त नंबर जुळवतील. कार्ड मात्र इंग्रजीतच भरायचं, निळ्या किंवा काळ्या पेनने.

नावाचे रकाने सोपे आहेत, पासपोर्टवर आडनाव आणि नाव जसं छापलंय तसंच. फ्लाइट नंबर लिहायचा तो ऑस्ट्रेलियात उतरणाऱ्या विमानाचा, सिंगापूरला विमान बदललं असेल तर मुंबईचा नाही. पत्ता तुमचा.

पुढचा प्रश्न फसवा आहे. फोनने मला त्याचं मराठी दिलं, 'पुढील बारा महिन्यांत ऑस्ट्रेलियात राहण्याचा विचार आहे का', आणि माणूस म्हणतो हो, मुलाकडे राहणारच आहे की. पण विचारलंय ते 'पुढचे बारा महिने इथे राहणार का', म्हणजे सलग वर्षभर मुक्काम आहे का. चार-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांचं उत्तर नो. कागदावर 'पुढचे बारा महिने' असंच लिहा, 'महिन्यांत' नको.

त्याच्याखाली ऑस्ट्रेलियाचे नागरिक नसलेल्यांसाठी दोन प्रश्न, क्षयरोग आहे का, आणि फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरला आहात का. दुसऱ्याचं मराठी 'गुन्हा आहे का' असं केलं की लोक घाबरतात, भावकीतला जमिनीचा दावा आठवतो. तसा दिवाणी दावा म्हणजे दोषी ठरणं नव्हे. पण खरंच कोणाच्या बाबतीत असं काही असेल तर माझ्या भरवशावर राहू नका, वकिलाला विचारा.

चौकटींबद्दल एक सांगते, हे कुठल्याच भाषांतरात येत नाही. त्या कार्डावर उत्तर फुलीने द्यायचं असतं. आपल्याकडे शाळेपासून बरोबरला टिक आणि चूक असेल तर फुली, त्यामुळे वयस्कर माणूस 'नाही' म्हणायला येसच्या चौकटीवर फुली मारतो, आणि कार्डावर त्याचा अर्थ होतो हो. उलटंही होतं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, जे उत्तर खरं त्याच्या चौकटीत फुली, दुसरी चौकट कोरी. घरी एक-दोनदा हाताने भरून घ्या.

आता 'तुम्ही ऑस्ट्रेलियात हे आणताय का' याखालचे प्रश्न. सगळ्यात जास्त घोळ पहिल्यात. त्यात एका ओळीत औषधं, स्टिरॉइड्स, बेकायदा अश्लील साहित्य, बंदुका, शस्त्रं, अमली पदार्थ असं सगळं एकत्र आहे. बंदुका आणि अमली पदार्थ वाचलं की आपली माणसं पटकन नो करतात. पण यादीतली कुठलीही एक गोष्ट असली तरी उत्तर येस आहे, आणि पहिलाच शब्द औषधं आहे. बीपीच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन, म्हणजे येस. मराठी करताना वाक्य तोडा, 'यापैकी काहीही आहे का' असं आधी आणि औषधं सगळ्यात वर. प्रिस्क्रिप्शनची औषधं स्वतःसाठी तीन महिन्यांपुरती चालतात, सोबत डॉक्टरचं इंग्रजीत पत्र किंवा प्रिस्क्रिप्शन हवं, गोळ्या मूळ पाकिटात. मुक्काम जास्त असेल तर आधीच इथल्या डॉक्टरची सोय बघा.

दोन ते पाच दारू-सिगारेट, नऊशे डॉलरच्या वरचं सामान, धंद्याचा माल आणि रोकड यांचे आहेत. नऊशेमध्ये भेटवस्तूही धरतात, आईने सुनेसाठी नवीन दागिना आणला तर तोही. बाबा तंबाखू खात असतील तर पंचवीस ग्रॅमची मर्यादा लक्षात ठेवा. दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा जास्त रोख असेल तर येस, कुठल्याही देशाच्या नोटा असोत.

सहा, सात, आठ हे खरे आपल्या घराचे प्रश्न. सहाव्यात मांस-मासे, अंडी, दूधदुभतं, फळं, भाज्या. पेढे, बर्फी, गुलाबजाम सगळं दूधदुभत्यात. भारतातून नेलेली दुधाची मिठाई आत सोडत नाहीत, कारण आपल्याकडे गुरांचा लाळ्या-खुरकूत आहे आणि ऑस्ट्रेलियात तो 1872 पासून नाही, तो दुधाच्या पदार्थांतून शिरू नये म्हणून ते इतके कडक आहेत. तेव्हा पेढे आणूच नका. सातव्यात धान्य, बिया, कंद, सुकामेवा, झाडाचे भाग, पारंपरिक औषधं, लाकडी वस्तू. आता घरात डोळे फिरवा. ओटीचे तांदूळ, सुपारी, तुळशीची माळ, रुद्राक्ष (ते बीच आहे), त्रिफळा चूर्ण, मसाले, डिंकाच्या लाडवातले बदाम, पोळपाट-लाटणं, देवाचा पाट. यातलं एक जरी असलं तरी येस, आणि गळ्यातली माळ धरून. आठव्यात प्राण्यांपासूनच्या वस्तू, म्हणजे मोरपीस, शंख, मध. देवपूजेचं सामान आणणाऱ्यांचं हमखास इथे राहतं. ओटीचा नारळ सहाव्यात जातो. सासूबाईंना टाकवत नव्हता, देवाचं आहे म्हणून, म्हणून सांगते की ओटी घरी देवापुढे ठेवून निघा. विमानात लक्षात आलं तरी काही बिघडलेलं नाही, कार्डावर येस करायचं, किंवा उतरल्यावर तपासणीच्या आधी पेट्या असतात त्यात टाकायचं. कार्ड चुकीचं भरलं गेलं असेल तर बॅग तपासायला घ्यायच्या आधी अधिकाऱ्याला आपणहून सांगा. बॅग उघडल्यावर सांगणं उशिराचं ठरतं.

कुठली वस्तू शेवटी आत सोडतात याची पक्की यादी मी देणार नाही, नियम बदलतात, त्यांच्या सरकारी साइटवर निघायच्या आठवड्यात बघा. येस करायचं की नाही हे मात्र त्यावर अवलंबून नाही.

नऊ म्हणजे माती किंवा माती लागलेल्या वस्तू, बूट वगैरे. दहा म्हणजे गेल्या तीस दिवसांत शेत, शेतातली जनावरं, रान किंवा नदी-तलावाशी संबंध आला का. निघायच्या आधी सगळे गावाला भेटून येतात, गोठ्यात जातात, बांधावरून फिरतात. म्हणजे येस. बहुतेक वेळा बूट बघतात, प्रश्न विचारतात आणि सोडतात. बूट-चपलांचे तळवे घरीच ब्रशने घासून धुवा, वेळ वाचतो. अकरावा आफ्रिका, दक्षिण-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनचा, गेल्या सहा दिवसांत तिथे होता का, थेट भारतातून येणाऱ्यांना नो.

तुमच्या फोटोत मागची बाजू नाहीये, ती मागवा. तिथे इथला फोन नंबर, अडीअडचणीला कोणाला कळवायचं त्याचं नाव, कुठल्या देशातून विमानात बसलात, व्यवसाय (बाबांसाठी रिटायर्ड), राष्ट्रीयत्व आणि जन्मतारीख आहे. जन्मतारखेचा क्रम आपल्यासारखाच दिवस-महिना-वर्ष. त्याखाली तीन गट आहेत, कायमचे स्थायिक होणारे, पाहुणे, आणि परत येणारे रहिवासी. आई-बाबा मधल्या गटात, तेवढाच भरायचा, बाकी दोन कोरे. येण्याच्या कारणात फिरायला आणि नातेवाइकांना भेटायला अशा वेगवेगळ्या चौकटी आहेत, त्यांनी नातेवाइकांचीच घ्यायची. मागची बाजू टाकलीत की तिचंही नंबरवार मराठी लिहून देते. फोटो टेबलावर सपाट ठेवून दिवसा काढायला सांगा, या फोटोत उजवीकडे चकाकी आल्यामुळे आठव्या प्रश्नाचा शेवट वाचताच येत नाहीये.