टन वाढले म्हणजे मासा वाढला असं नाही

> "बेळगावच्या बाजारात बांगडा भरपूर येतोय, तरी साठा घटला म्हणतात. कार्यालयातून पाच वर्षांचे टन मिळाले, तेही वाढतेच दिसतात. मग खरं काय? कोटा लावला तर थांबेल का? प्रकल्पासाठी हवं आहे."

तुमच्या हातात आहेत ते नुसते टन. त्यावर प्रकल्प उभा करू नका. टन मोजायचे ते मेहनतीशी लावून: किती होड्या, कोणतं जाळं, जाळं पाण्यात किती तास. समजा, गेल्या वर्षी हजार तासांत शंभर टन मिळाले आणि यंदा दोन हजार तासांत एकशेवीस. कागदावर वीस टक्के वाढ दिसते, पण तासामागे शंभर किलोचे साठ झाले.

असं एक कार्यालय आहे, नाव लिहीत नाही. तिथं टनांचा तक्ता लगेच हातात ठेवतात. तास मागितले की "ते आमच्याकडं येत नाही" म्हणून दुसऱ्या टेबलाकडं पाठवतात आणि तिथून परत पहिल्याच टेबलाकडं. विद्यार्थ्यांची अख्खी सहामाही यात जाते, याचा मला खरंच राग येतो. तुम्ही अर्जातच जाळ्याच्या प्रकारानुसार पकड, फेऱ्या आणि तास असं वेगवेगळं लिहून मागा. सीएमएफआरआय ही केंद्र सरकारची सागरी मासेमारी संशोधन संस्था बंदरांवर नमुना पद्धतीनं पकड नोंदवते, तेव्हा मेहनतही नोंदवते. त्यांचं केंद्र कारवारला आहे, बेळगावहून ते जवळचं.

आता यातली खरी अडचण. बांगडा आणि तारली थव्यानं राहतात. साठा निम्मा झाला तरी उरलेला मासा पातळ पसरत नाही, थवे करूनच राहतो. थवा हुडकायला यंत्र आहे, घेरायला पर्ससीन म्हणजे थव्याभोवती टाकून तळ आवळायचं जाळं आहे, म्हणून तासामागची पकडसुद्धा बराच काळ चांगली दिसते आणि मग एकदम कोसळते. तेव्हा नुसत्या मच्छीमारांच्या पकडीवरून साठा ठरवणं धोक्याचं. त्याच्या जोडीला पाहणी-जहाज लागतं. ते मासा असेल तिथं जात नाही, चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या ठिकाणी दरवर्षी तेच जाळं ठरावीक वेळ ओढतं.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं हेच झालं. ट्रॉल म्हणजे ओढायचं जाळं वापरणाऱ्या ट्रॉलरांची पकड चांगली होती, पाहणीचे आकडे खाली होते आणि अंदाज बांधताना पकडीला जास्त वजन मिळालं. चूक ध्यानात आल्यावर शास्त्रज्ञांनी 1989 साठी सुमारे सव्वा लाख टनांचा कोटा सुचवला, सरकारनं 2,35,000 ठरवला. जुलै 1992 मध्ये मासेमारीच बंद करावी लागली. साठ्याच्या वीस टक्के पकडायचे असं ठरलं आणि साठाच दुप्पट धरला, तर प्रत्यक्षात चाळीस टक्के जातात. पुढच्या वर्षी उरलेल्यातून परत तसंच. कोटा होता, तरी साठा गेला.

म्हणून "कोटा लावला तर" याला माझं उत्तर असं: आपल्या किनाऱ्यावर एकेका जातीचा कोटा चालणं अवघड. ट्रॉलच्या एका ओढीत पुष्कळ जाती येतात. एकीचा कोटा संपला तर ती जाळ्यात येते ती येतेच आणि मेलेली समुद्रात टाकली जाते. इथं मेहनतीवर आणि आकारावर लगाम बरा: कर्नाटकात यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलैची बंदी, जाळ्याच्या आसाचा म्हणजे भोकाचा आकार, पकडायच्या माशाची किमान लांबी. (नियम बदलतात, चालू आदेश स्वतः बघून घ्या.)

राखीव क्षेत्राचंही तसंच. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, जेमतेम 29 चौरस किलोमीटर. खडक धरून राहणाऱ्या गोबऱ्यासारख्या माशाला असा आसरा उपयोगी, राखण नीट झाली तर. बांगडा फिरता आहे, तो हद्दीबाहेर पडला की जाळ्यात.

बेळगावात बसून करण्याजोगं एक काम आहे. निवड न केलेल्या पेटीतले शंभर बांगडे घ्या, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजा आणि अर्ध्या सेंटीमीटरच्या गटांत लिहा. पोट फाडून गाबोळी भरली आहे का बघा. महिन्यामागून महिने बारीक, गाबोळी न धरलेला मासाच जास्त निघाला, तर अंडी घालायच्या आधीच तो पकडला जातोय असा संशय घ्यायला जागा आहे. नुसता संशयच म्हणा, कारण मोसमानुसार पिल्लांची लाट येते, आणि घाट चढून येणारा माल कारवार, गोवा, मालवण असा मिसळलेला असतो. मोठा मासा बऱ्याचदा बंदरावरच वेगळा काढतात. म्हणून प्रत्येक पेटीबरोबर बंदर आणि जाळं विचारून लिहा. विक्रेत्याला जाळं माहीत नसेल तर गाडीवाल्याला विचारा, आणि तरीही कळलं नाही तर ती पेटी हिशेबात धरू नका.